दहावीत दोन विषय राहिले, तरी अकरावी? गुणपत्रिका समोर ठेवून करायचा हिशेब

निकालाच्या दुसऱ्या दिवशी नाशिकच्या सातपूरहून एक बाप मुलीला घेऊन आला. अंबडच्या कंपनीत पहिली पाळी टाकून, जेवणाचा डबा हातात तसाच. मोबाइलवरचा निकाल मला दाखवत म्हणाला, "सर, मी बेरीज केली. सगळ्यात कमी विषय सोडला तर पाच विषयांचे १९१ होतात. म्हणजे ३८ टक्के. मग हिला नापास कसं काय केलं?"

हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं आणि त्याचं मूळ एकच असतं. 'बेस्ट ऑफ फाइव्ह' हे टक्केवारी काढण्यापुरतं आहे, पास होण्यासाठी नाही. सहा विषयांपैकी सर्वांत कमी गुणांचा विषय वगळून टक्केवारी काढतात हे खरं, पण ती पास झालेल्यांची. पास व्हायला सहाही विषय सुटावे लागतात. त्यामुळे ३८ टक्के हा आकडा त्या मुलीच्या बाबतीत काहीच सांगत नव्हता.

"पास नाहीये, पण एटीकेटी आहे," मी म्हटलं. बापाने डबा बाकावर ठेवला आणि बसला. "ते कॉलेजात असतं ना?"

कॉलेजात असतं तसं दहावीलाही आहे. 'अलाउड टू कीप टर्म्स' या शब्दांचं ते आद्याक्षरी रूप. दहावीला त्याचा अर्थ असा, की एक किंवा दोन विषय राहिले असतील तर अकरावीला तात्पुरता प्रवेश घेता येतो आणि राहिलेले विषय सोबत सोडवायचे. तीन विषय राहिले तर ही सवलत नाही. नियम एवढासाच दिसतो. खरी गंमत 'किती विषय राहिले' हे मोजण्यात आहे, कारण ३५ पेक्षा कमी गुण असलेला प्रत्येक विषय राहिलेला नसतो. बाकीच्या विषयांत किती गुण आहेत त्यावर ते ठरतं. पालकांचा सगळा गोंधळ इथे होतो, म्हणून आधी हेच नीट पाहू. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सवलती वेगळ्या आहेत, त्यांचा विचार इथे केलेला नाही.

विषय मोजायचे कसे

राज्य मंडळाच्या दहावीला सहा विषय, प्रत्येकी १०० गुणांचे. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रे. प्रत्येक विषयात ३५ मिळाले तर प्रश्नच नाही. नाही मिळाले, तर तीन गट पाडून बघायचं.

पहिला गट भाषांचा. तिन्ही भाषांची बेरीज ३०० पैकी किमान १०५ हवी आणि कोणत्याही भाषेत २५ च्या खाली जाता कामा नये. या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या, तर एखाद्या भाषेत २८ असले तरी ती भाषा सुटली असं धरतात.

दुसरा गट गणित आणि विज्ञानाचा. दोघांची बेरीज २०० पैकी किमान ७० आणि प्रत्येकात किमान २५.

तिसरा गट म्हणजे एकटी सामाजिक शास्त्रे. इथे जोडीदार नाही, ३५ पाहिजेतच. मात्र आतल्या आत सोय आहे. इतिहास-राज्यशास्त्राचे ४०, भूगोलाचे ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० मिळून शंभर होतात. भूगोलात वेगळं पास व्हावं लागत नाही, तिघांची बेरीज ३५ झाली की झालं.

गणिताचंही तसंच. बीजगणित आणि भूमिती वेगवेगळ्या दिवशी होतात, म्हणून मुलं 'माझी भूमिती गेली' म्हणतात. गुणपत्रिकेच्या लेखी भूमिती नावाचा विषयच नाही. गणित एक विषय आहे.

आता या मुलीची गुणपत्रिका. मराठी ४३, हिंदी २९, इंग्रजी १९. गणित ३१, विज्ञान ४२. सामाजिक शास्त्रे ४६.

नुसतं पाहिलं तर हिंदी, इंग्रजी, गणित असे तीन विषय ३५ च्या खाली. बापानेही तीनच मोजले होते आणि म्हणून तो चिडलेला कमी आणि घाबरलेला जास्त होता. मी वहीच्या मागच्या पानावर गट पाडले. भाषांची बेरीज ९१. शंभरी सुद्धा नाही, १०५ तर दूरच. शिवाय इंग्रजी २५ च्या खाली. म्हणजे भाषांचा गट सुटला नाही. गट सुटला नाही की त्या गटातले ३५ च्या खालचे सगळे विषय राहतात: हिंदी आणि इंग्रजी. मराठी ४३ असल्याने सुटली. पुढे गणित-विज्ञान. ३१ आणि ४२ मिळून ७३. सत्तरच्या वर, दोन्ही पंचविसाच्या वर. म्हणजे गणितात ३१ असूनही गणित सुटलं.

राहिलेले विषय दोन. एटीकेटी मिळाली.

ती मिळवून दिली विज्ञानाने. विज्ञानात ४२ ऐवजी ३६ असते, तर विज्ञान स्वतः पास झालंच असतं, पण बेरीज ६७ झाली असती, गणित राहिलं असतं आणि तीन विषय होऊन अकरावीचं दार बंद झालं असतं. गणितात ३१ असणाऱ्याला विज्ञानात ३५ पुरत नाहीत, ३९ लागतात. म्हणून गणित कच्चं असलेल्या मुलांना मी डिसेंबरपासून सांगतो, की गणितात पंचवीस-तीस गाठ आणि विज्ञानावर जोर दे. गणितातले चार गुण वाढवायला त्यांना जेवढा घाम गाळावा लागतो, त्याच्या अर्ध्यात विज्ञानाच्या आकृत्या आणि व्याख्या आठ गुण देऊन जातात. गटाच्या बेरजेत सगळे गुण सारखेच.

भाषांच्या गटात हेच उलट्या बाजूने दिसतं. समजा हिला इंग्रजीत २६ मिळाले असते. मग बेरीज ९८ आणि तरी दोन विषय राहिलेच असते. पण त्यासोबत मराठीत ५० असते, तर ५० आणि २९ आणि २६ मिळून नेमके १०५ आणि तिन्ही भाषा सुटल्या असत्या. मराठीत ४३ वर समाधान मानणारी मुलं आपल्याच इंग्रजीचा आधार काढून घेतात. घरी 'मराठी काय, होईल' असं म्हणणाऱ्या पालकांनी हा हिशेब एकदा स्वतः मांडून बघावा.

आपण केलेला हिशेब शेवटी गुणपत्रिकेवरच्या शेऱ्याशी जुळवून घ्यायचा. सवलतीचे गुण वगैरे धरून अंतिम निकाल काय, ते त्या शेऱ्यातच कळतं. हिशेब आणि शेरा जुळला नाही तर शाळेत विचारायचं, नाशिक विभागीय मंडळापर्यंत धावायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

तीन राहिले असतील तर: कोणत्या विषयावर पैसे घालायचे

त्याच आठवड्यात सिडकोतल्या एका मुलाची आई आली. तिच्या मुलाचे गुण असे: मराठी ४८, हिंदी ३९, इंग्रजी २०. गणित २७, विज्ञान ३३. सामाजिक शास्त्रे ३७.

भाषांची बेरीज १०७, म्हणजे १०५ ची अट पुरी. पण इंग्रजी २५ च्या खाली, म्हणून इंग्रजी राहिली. गणित-विज्ञान मिळून ६०, म्हणजे दहा कमी. दोन्ही राहिले. एकूण तीन. एटीकेटी नाही.

ताई म्हणाल्या, "तिन्हीचं रीचेकिंग टाकू का?" रीचेकिंग हा शब्द सगळे वापरतात, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांचे पैसेही वेगळे आहेत. गुणपडताळणीला विषयाला ५० रुपये. त्यात फक्त बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच पाहतात. उत्तर पुन्हा वाचत नाहीत. उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यायला विषयाला ४०० रुपये. आणि पुनर्मूल्यांकन, म्हणजे पुन्हा तपासून घेणं, त्याला विषयाला ३०० रुपये. पुनर्मूल्यांकन थेट मागता येत नाही. आधी छायाप्रत घ्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. म्हणजे एका विषयाला ७०० रुपये. तिन्ही विषयांचे २१०० होतात आणि त्यातले बरेचसे वाया जाण्याची शक्यता असते.

म्हणून आधी विचारायचं, की एटीकेटीसाठी नेमकं काय हवंय? तीनचे दोन व्हायला हवेत, एवढंच. तेवढ्यासाठी एक विषय सुटला तरी पुरे. आता कोणता विषय सर्वांत कमी गुणांत सुटतो ते पाहा. विज्ञानाला दोन गुण मिळाले की ३५ होतात आणि विज्ञान सुटतं. इंग्रजीला पंधरा नाही, पाचच गुण लागतात, कारण बेरीज आधीच १०५ च्या पुढे आहे. २५ ची पायरी चढली की पूर्ण भाषांचा गट सुटतो. गणिताला मात्र एकट्याला आठ गुण हवेत. म्हणजे गणितावर पैसे घालण्यात अर्थ नाही. पहिली पसंती विज्ञान, दुसरी इंग्रजी.

आम्ही विज्ञानाची छायाप्रत मागवली. भाग १ आणि भाग २ च्या दोन्ही उत्तरपत्रिका आल्या. छायाप्रत आल्यावर ती शिक्षकासोबत बसून पाहायची, मुलाने एकट्याने नाही. मुलाला आपलं प्रत्येक उत्तर बरोबर वाटतं. आधी आतल्या गुणांची बेरीज मुखपृष्ठाशी जुळते का बघायची, मग कुठलं उत्तर गुण न देता राहिलंय का, आणि शेवटी ज्या उत्तरांना कमी गुण पडले ती पाठ्यपुस्तक उघडून ताडायची. याच्या उत्तरपत्रिकेत बेरीज बरोबर होती, तपासायचं काही राहिलेलं नव्हतं. दोन ठिकाणी अर्धा-अर्धा गुण ओढता आला असता. त्यावर आणखी ३०० रुपये घालू नका असं मी म्हटलं, आणि ताईंनी ऐकलं. पुनर्मूल्यांकनात गुण वाढतीलच असं नसतं.

इथे एक चूक बरेच जण करतात. छायाप्रतीच्या नादात पुरवणी परीक्षेचा अर्ज राहून जातो. २०२५ साली निकाल १३ मे रोजी लागला, गुणपडताळणी आणि छायाप्रतीचे अर्ज १४ ते २८ मे या काळात होते, आणि पुरवणी परीक्षा २४ जूनला सुरू झाली. हे सगळं जेमतेम सहा आठवड्यांत. पुरवणीचा अर्ज निकालानंतर लगेच सुरू होतो आणि आधी नियमित शुल्काने, मग विलंब शुल्काने भरतात. छायाप्रतीतून काय निघतंय याची वाट बघत बसलं, तर निदान विलंब शुल्क तरी डोक्यावर बसतं. दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात टाकायचे.

त्या मुलाने पुरवणी दिली. इंग्रजी ३६, विज्ञान ३९ आणि गणित पुन्हा राहिलं. पण आता राहिलेला विषय एकच होता. तीन विषय राहिले म्हणून वर्ष गेलं असं समजून मे महिन्यातच मुलाला कामाला लावणारे पालक मी पाहिलेत. पुरवणीत तीनपैकी एक जरी सुटला तरी संख्या दोनवर येते आणि नव्या गुणपत्रिकेवरचा शेरा बदलतो.

पुरवणीचा अर्ज आणि त्यातले वीस गुण

अर्ज आपण दहावी ज्या शाळेतून दिली तिच्यामार्फत भरायचा. शाळा सोडल्याचा दाखला काढून कॉलेजला दिला असला तरी परीक्षेच्या बाबतीत तुम्ही त्या शाळेचेच. सुटलेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत, त्यांचे गुण तसेच राहतात. फक्त राहिलेले विषय भरायचे. घाईत कधीकधी अर्जात विषय चुकतो, म्हणून शाळेच्या कार्यालयात संगणकासमोर उभं राहून विषय वाचून घ्या. आमच्याकडे एकदा एका मुलाचा हिंदी संयुक्त भरायचा तो संपूर्ण हिंदी भरला गेला आणि प्रवेशपत्र येईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. दुरुस्ती झाली, पण त्या मुलाची झोप दोन दिवस उडाली.

तिथेच दुसरं विचारायचं: तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे जुने २० पैकी गुण धरले जाणार आहेत, की पुन्हा द्यायचे आहेत? हे कळल्याशिवाय लेखीचं लक्ष्य ठरत नाही.

सातपूरच्या मुलीचं पाहू. इंग्रजीत तिचे १९ म्हणजे तोंडीचे १२ आणि लेखीचे ८० पैकी ७. हिंदीचे २९ म्हणजे तोंडी १४ आणि लेखी १५. जुने तोंडी गुण धरले, तर तिला लेखीत इंग्रजीत २३ आणि हिंदीत २१ हवेत. ऐंशीपैकी तेवीस. '३५ मिळव' म्हटलं की मुलगी दचकते, 'तेवीस मिळव' म्हटलं की ती प्रश्नपत्रिका हातात घेते.

पुरवणीच्या वेळी मी गटाच्या बेरजेवर विसंबून राहू देत नाही. मराठीत ४३ आहेत, म्हणून इंग्रजीत २७ चालतील असला हिशेब करू नये. राहिलेल्या प्रत्येक विषयात ३५ हेच लक्ष्य. ३५ मिळाले की कुठल्याही गटाचा आणि बेरजेचा विषयच उरत नाही.

तेवीस कुठून येणार? मराठी माध्यमाच्या मुलांचा तृतीय भाषा इंग्रजीचा कागद ८० गुणांचा. त्यातले २० गुण पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांचे, १५ पाठ्यपुस्तकाबाहेरच्या उताऱ्याचे, त्यातले १० प्रश्नांचे आणि ५ सारांशाचे. उताऱ्यांच्या प्रश्नांपैकी बरीचशी उत्तरं समोर छापलेली असतात. ती वाक्यं शोधून उतरवायची असतात. या मुलीने मार्चमध्ये बाहेरचा उतारा कोरा सोडला होता. का सोडला विचारलं तर म्हणाली, "सर, तो धडा आम्हाला नव्हता." तो कोणालाच नसतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिला मी पाच आठवडे फक्त तीन गोष्टी दिल्या. रोज एक उतारा, आड दिवशी एक पत्र, आणि शेवटचा पाच गुणांचा भाषांतराचा प्रश्न. व्याकरण, कविता, संवाद बाजूला ठेवले. उताऱ्यांत ३० पैकी निम्मे, पत्रात ५ पैकी तीन, भाषांतरात ५ पैकी तीन, म्हणजे एकवीस. उरलेले दोन कुठूनही येतात, फक्त एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

अकरावीचा प्रवेश: काय घ्यावं, कधी मिळतं

नाशिक महापालिका हद्दीत अकरावीचे ऑनलाइन प्रवेश २०१७ पासून आहेत, आणि २०२५ पासून ते सगळ्या राज्याला लागू झाले. म्हणजे आता सिन्नर, निफाड, इगतपुरीच्या मुलांनीही नोंदणी mahafyjcadmissions.in वरच करायची. एटीकेटीवाल्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पास झालेल्यांच्या नियमित फेऱ्या आधी होतात, यांची पाळी शेवटच्या फेऱ्यांत येते. म्हणजे जूनमध्ये शेजारच्या मुलाला कॉलेज मिळालं आणि आपल्याला नाही, म्हणून रडायचं कारण नाही. आणि पाळी उशिरा येणार म्हणून नोंदणी उशिरा करायची नाही. नोंदणी सगळ्यांसोबत करून ठेवायची आणि फेऱ्यांचं वेळापत्रक दर दोन दिवसांनी बघायचं. गंगापूर रोडवरची नावाजलेली कॉलेजं तोवर भरलेली असतात. ज्यांच्याकडे जागा उरते अशी दोन-चार कॉलेजं, घरापासून एका बसमध्ये पोचता येईल अशी, आधीच जाऊन पाहून ठेवा.

२०२५ मध्ये पुरवणीचा निकाल जुलैच्या अखेरीस लागला. तोवर अकरावीच्या फेऱ्या संपलेल्या नसतात. पुरवणीत दोन्ही विषय सुटले, तर एटीकेटीवाला राहायचं कारणच नाही, सरळ पास म्हणून पुढच्या फेरीत उतरायचं. त्यामुळे निकालाच्या दिवशी नवी गुणपत्रिका घेऊन नोंदणीतली माहिती बदलून घ्यायला विसरू नका.

शाखा निवडताना राहिलेला विषय पाहा. गणित राहिलं असेल तर अकरावीत गणित घेऊ नका, एवढं तरी करा. एकाच वर्षात दहावीचं गणित आणि अकरावीचं गणित अशी दोन ओझी कोणी उचलू शकत नाही. विज्ञान राहिलं असेल आणि तरी सायन्सचा हट्ट असेल, तर मी तोंडावर नाही म्हणतो. इंग्रजीची गोष्ट वेगळी, ती अकरावीत कुठल्याही शाखेला चुकत नाही. म्हणून इंग्रजी राहिलेल्यांनी ती जुलैमध्येच संपवावी.

बापाने शेवटी विचारलं, "त्यापेक्षा पॉलिटेक्निकला टाकली तर?" इथे एटीकेटी चालत नाही. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला दहावी पास लागते. आयटीआयचं ट्रेडवर अवलंबून आहे. काही ट्रेडना दहावी पासच हवी, वेल्डर-वायरमनसारख्या काही ट्रेडना दहावी नापासही चालतं. सातपूरच्या आयटीआयमध्ये जाऊन ट्रेडनिहाय पात्रतेचा तक्ता पाहून येणं, त्यात अर्धा दिवस जातो आणि चार चुकीच्या आशा कमी होतात.

दोन संधी आणि त्यानंतर

एटीकेटीने अकरावीत बसलेल्याला दहावीचे विषय सोडवायला दोन परीक्षा मिळतात. पहिली जून-जुलैची पुरवणी, दुसरी पुढच्या वर्षीची फेब्रुवारी-मार्चची मुख्य परीक्षा. त्यातही सुटले नाहीत, तर अकरावीत कितीही गुण पडले तरी बारावीत जाता येत नाही. अकरावीची फी, पुस्तकं, वर्षभराची बस, सगळं पाण्यात.

पहिली संधी सोडून दुसरीवर भरवसा ठेवणारे बहुतेक अडकतात, आणि त्याचं कारण वेळापत्रकात आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीचा पेपर आणि त्याच्या पाठोपाठ अकरावीची वार्षिक परीक्षा. शिवाय फेब्रुवारीच्या परीक्षेचा अर्ज आदल्या वर्षाच्या उत्तरार्धातच भरायचा असतो, आणि तोही जुन्या शाळेतून. अकरावीत नवं कॉलेज, नवे मित्र, जुन्या शाळेचा व्हॉट्सॲप गट बंद पडलेला. अर्जाची सूचना आपल्यापर्यंत येतच नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाचं वर्ष गणितामुळे नाही, अर्जाची तारीख कळली नाही म्हणून गेलं. त्यामुळे ऑक्टोबर उजाडला की दर आठवड्याला जुन्या शाळेच्या कार्यालयात फोन करायचा, किंवा घरचं कोणी त्या रस्त्याने जात असेल तर सूचना फलक पाहून यायचं.

सिडकोच्या मुलाने गणितासाठी तेच केलं. आईने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, 'शाळा फोन' असं दर सोमवारी लिहून ठेवलं होतं. अर्ज वेळेत गेला. गणिताच्या ३५ पैकी त्याचे अंतर्गतचे १४ धरले जाणार हे शाळेतून कळलं, म्हणजे बीजगणित आणि भूमिती मिळून ८० पैकी २१. तो आता रोज संध्याकाळी माझ्याकडे येतो. बीजगणिताची सांख्यिकी आणि भूमितीतल्या रचना, एवढंच घेऊन बसतो.

सातपूरच्या मुलीची हिंदी जुलैला ४१ ने सुटली. इंग्रजीत लेखीचे २४ आणि तोंडीचे १२, मिळून ३६. निकाल लागला त्या संध्याकाळी बापाचा फोन आला. "सर, सहाही सुटले. आता ते पाच विषयांचं करू का?" केलं. मराठी ४३, हिंदी ४१, विज्ञान ४२, सामाजिक शास्त्रे ४६, इंग्रजी ३६. वगळायला या वेळी गणिताचे ३१ निघाले. बेरीज २०८, म्हणजे ४१.६ टक्के. "कॉमर्सला टाकतो," तो म्हणाला, "गणित नको म्हणाला होतात ना."